टीका मोजण्यापासून वाक्य बदलण्यापर्यंत: मनोविकृतीनंतरच्या कुटुंब-प्रशिक्षणाची पार्श्वभूमी

1950च्या दशकाच्या मध्यावर नवी औषधे आली आणि वर्षानुवर्षे मनोरुग्णालयात राहिलेली माणसे घरी जाऊ लागली. त्यातली काही टिकली, काहींचा आजार थोड्याच महिन्यांत उलटला. लंडनमध्ये समाजशास्त्रज्ञ जॉर्ज ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा, मुख्यतः स्किझोफ्रेनिया या मनोविकृतीच्या, रुग्णांचा माग काढला. 1958 साली प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष अपेक्षेच्या उलट होता. भाड्याच्या खोलीत किंवा भावंडांकडे राहायला गेलेल्या पुरुषांपेक्षा आईवडिलांकडे किंवा पत्नीकडे परतलेल्यांचे हाल जास्त झाले होते. जिथे सर्वांत जास्त माया असेल असे वाटत होते, तिथेच माणूस जास्त वेळा आजारी पडत होता.

या निष्कर्षावरून कुटुंबालाच दोषी धरणे अवघड नव्हते. 1948 साली मनोविश्लेषक फ्रीडा फ्रोम-राइशमन यांनी स्किझोफ्रेनिया घडवणाऱ्या आईची कल्पना मांडली होती आणि तिचा पगडा अजून होता. ब्राउन त्या वाटेने गेले नाहीत. आजार कशाने झाला हा त्यांचा प्रश्नच नव्हता. झालेला आजार पुन्हा कशाने उलटतो, एवढेच त्यांना शोधायचे होते. पुढे या क्षेत्रात झालेले बरेचसे गैरसमज हा फरक विसरल्यामुळे झाले.

घरातले वातावरण मोजायचे कसे, यावर ब्राउन आणि मायकेल रटर यांनी 1960च्या दशकात एक मुलाखत बसवली. ती कॅम्बरवेल फॅमिली इंटरव्ह्यू या नावाने ओळखली जाते. नातेवाइकाला एकट्याला बसवायचे, गेल्या काही महिन्यांत घरात काय काय घडले ते सविस्तर विचारायचे, सगळे ध्वनिमुद्रित करायचे आणि नंतर पुन्हा पुन्हा ऐकून गुण द्यायचे. टीका, वैरभाव, भावनिक अतिगुंतवणूक, आपुलकी आणि कौतुकाचे शब्द या पाच गोष्टी त्यात पाहिल्या जातात. मिळून त्यांना एक्सप्रेस्ड इमोशन, थोडक्यात ईई, म्हणतात. मराठीत ‘व्यक्त भावना’ हा शब्द चालतो, पण तो थोडा फसवा आहे. भावना मोकळेपणी व्यक्त करणे वाईट, असा अर्थ त्यातून निघतो आणि तो चुकीचा आहे, कारण आपुलकीही याच मापात मोजली जाते.

सगळ्यांत बारकाईने ठरवली गेली ती टीकेची व्याख्या. “त्याने घरात थोडी मदत केली तर बरं होईल” असे साध्या आवाजात म्हटले, तर ती नुसती नाराजी; ती मोजायची नाही. तेच शब्द त्रासिक, कडवट सुरात आले तर टीका. सूर सपाट असूनही “मला त्याचा संताप येतो” असे म्हटले, तर तीही टीका. “तो माणूसच नालायक आहे” अशा बोलण्यात रोख वागण्यावरून माणसावर सरकतो, तो वैरभाव. मोजणारे कान या तीन पायऱ्यांवर तयार केले गेले. पुढे नातेवाइकांना दिलेले संवादाचे सराव याच पायऱ्या उलट दिशेने उतरायला शिकवतात.

1972 साली ब्राउन, बर्ली आणि विंग यांनी 101 रुग्णांचे निष्कर्ष मांडले. ईई जास्त, म्हणजे टीका, वैरभाव किंवा अतिगुंतवणूक जास्त असलेल्या घरांत नऊ महिन्यांत 58 टक्के रुग्णांचा आजार उलटला, कमी असलेल्या घरांत 16 टक्के. क्रिस्टीन वॉन आणि ज्युलियन लेफ यांनी 1976 साली 37 नव्या रुग्णांवर तसाच अभ्यास केला आणि दोन्ही अभ्यासांची आकडेवारी जोडली. त्यातून आणखी दोन धागे दिसले: आठवड्याला 35 तासांहून जास्त समोरासमोरचा सहवास आणि औषध. ईई जास्त, सहवास जास्त आणि नियमित औषध नाही, अशा छोट्या गटात 92 टक्के जणांचा आजार उलटला. त्याच परिस्थितीत औषध घेणाऱ्यांत 53 टक्के. म्हणजे औषधाने धोका बराच घटत होता, पण अशा घरात तेवढे पुरत नव्हते.

टीका होत होती ती कशावर? भास आणि भ्रम यांवर तुलनेने कमी. ते आजारच आहेत, हे नातेवाइकांना उमजत होते. बहुतेक राग होता तो न उठण्यावर, अंघोळ टाळण्यावर, गप्प बसण्यावर, काहीच हाती न घेण्यावर. ही आजाराची ऋण लक्षणे आहेत, म्हणजे आजाराने हिरावून घेतलेल्या गोष्टी. पण बाहेरून पाहणाऱ्याला ती आळस आणि हट्ट यांसारखीच दिसतात. रुग्णाने मनात आणले तर त्याला हे जमेल, असे मानणारे नातेवाईक जास्त टीका करतात, हे नंतरच्या संशोधनात पुन्हा पुन्हा आढळले. म्हणून टीका कमी करायची तर आधी हा समज हलवावा लागतो. शब्दांचा सराव त्यानंतरचा.

1982 साली दोन प्रयोग प्रसिद्ध झाले. लंडनमध्ये लेफ यांच्या गटाने घरी जाऊन आजाराची माहिती दिली, नातेवाइकांचे गट चालवले आणि कुटुंबाच्या एकत्र बैठका घेतल्या. गटात त्यांनी जास्त आणि कमी ईई असलेले नातेवाईक मुद्दाम एकत्र बसवले, कारण त्याच अडचणीतून शांतपणे वाट काढणाऱ्या दुसऱ्या आईचे बोलणे तज्ज्ञाच्या सल्ल्यापेक्षा आत जाते. नऊ महिन्यांत नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपैकी निम्म्यांचा आजार उलटला. प्रयोगातल्या कुटुंबांत हे प्रमाण दहातल्या एकाहून कमी होते. अमेरिकेत इयन फलून यांनी घरीच वर्तनाधारित कुटुंबोपचार केले. तिथे नऊ महिन्यांत 18 पैकी एकाचा आजार उलटला, तर एकट्या रुग्णावर उपचार झालेल्या 18 पैकी आठ जणांचा. आज वापरात असलेले संवादाचे सराव मुख्यतः फलून यांच्या पद्धतीतून आले आहेत.

फलून यांची कौशल्ये चार: चांगली गोष्ट बोलून दाखवणे, नीट विनंती करणे, लक्षपूर्वक ऐकणे आणि त्रास झाला तर तो सांगणे. शेवटचे कौशल्य शेवटीच घ्यायचे. घरात आधीच टीका भरपूर असते. तक्रारीचा सराव पहिल्या बैठकीत काढला तर जुन्या भांडणाला व्यासपीठ मिळते. पहिला आठवडा फक्त चांगल्याचा असतो. प्रत्येकाने रोज एक गोष्ट टिपायची: कोणी, नेमके काय केले आणि आपण त्याला काय म्हणालो. “आज छान वागलास” चालत नाही. “जेवल्यावर ताट उचलून ठेवलंस, मला बरं वाटलं” चालते. बरेच नातेवाईक सांगतात की टिपण्यासारखे काही घडतच नाही. तिथे अडचण रुग्णाच्या वागण्यात कमी आणि पाहणाऱ्याच्या मोजपट्टीत जास्त असते. रुग्णालयातून सहा आठवड्यांपूर्वी परतलेल्या माणसाने स्वतःहून खोलीबाहेर येणे ही टिपायची गोष्ट आहे.

एक नमुना पूर्ण पाहू. मुलगा 24 वर्षांचा, घरी येऊन दोन महिने झालेले. सकाळी अकरापर्यंत उठत नाही, सकाळची गोळी चुकते. आई दारातून म्हणते, “रोज हेच. तुला काही पडलेलीच नाही. किती दिवस असा लोळणार?” हे वाक्य सुटे करू. काल तो साडेनऊला उठला होता, ते ‘रोज’मुळे पुसले गेले. ‘पडलेलीच नाही’ हा मनातल्या हेतूबद्दलचा अंदाज आहे, घडलेली गोष्ट नाही. शेवटच्या प्रश्नाला उत्तरच नाही. शिवाय ते दारातून, आवाज चढवून आले आहे. आणि ज्याला अजून आवाज ऐकू येतात, त्याच्यासाठी ओरडण्याचा स्रोत ओळखणेही अवघड असू शकते.

सरावात आई खोलीत येते, त्याच्याजवळ बसते आणि तीन गोष्टी क्रमाने सांगते: काय घडले, तिला काय वाटले, पुढच्या वेळी काय व्हावे, आणि मग थांबते. “आज अकरा वाजले आणि सकाळची गोळी राहिली. मला भीती वाटली. उद्या साडेनऊला मी हाक मारीन, उठून गोळी घेशील का?” नंतरची शांतता हा सरावाचाच भाग आहे. या आजारात विचारांची गती मंदावू शकते. उत्तर यायला वेळ लागतो. बहुतेक आया तिसऱ्या-चौथ्या सेकंदाला पुढचे वाक्य जोडतात आणि तिथे सगळे बिघडते. म्हणून प्रशिक्षक मनात दहा अंक मोजायला सांगतो.

हा प्रसंग बैठकीत प्रत्यक्ष करून पाहतात. आधी आईने नेहमीसारखे बोलायचे. मग प्रशिक्षकाने तिच्या बोलण्यातली एक गोष्ट चांगली म्हणून दाखवायची आणि बदलायला एकच गोष्ट द्यायची. पुन्हा करायचे. सुधारणेच्या पाच सूचना एकदम दिल्या तर प्रशिक्षकच टीकाकार होतो. मुलाला विचारायचे, “यातलं कोणतं ऐकायला सोपं गेलं?” त्याचे उत्तर प्रशिक्षकाच्या मतापेक्षा वजनदार मानायचे. आठवडाभर घरी सराव, आणि पुढच्या बैठकीची सुरुवात वहीपासून. वही कोरी असेल तर रागवायचे नाही. सराव फार मोठा दिला होता का, हे पाहायचे.

या नमुन्यात विनंती करण्याआधी एक गोष्ट तपासावीच लागते. उशिरा उठणे हे रात्रीच्या औषधाच्या गुंगीमुळे असू शकते. तसे असेल तर कितीही नीट बोलले तरी मुलगा उठणार नाही, आई पुन्हा चिडेल आणि संवादाचा सराव बदनाम होईल. तेव्हा डॉक्टरांशी औषधाच्या वेळेबद्दल आणि मात्रेबद्दल बोलायचे. घरच्यांनी मात्रा स्वतः बदलायची नाही. लक्षणांनाही हाच नियम. “उद्यापासून आवाज ऐकू नकोस” ही विनंती होत नाही, कारण ती माणसाच्या हातात नाही.

सर्वांत नेहमीची चूक वेगळी आहे: शब्द नवे, सूर जुना. “मला वाईट वाटलं की तू उठला नाहीस” हे दात आवळून म्हटले तर मोजणारा कान ती टीकाच धरेल आणि मुलाचा कानही. त्यामुळे चिडलेले असताना हे वाक्य वापरायचे नाही, आधी खोलीबाहेर जायचे. दुसरी चूक म्हणजे ‘मला वाटतं’च्या आड आरोप लपवणे. “मला वाटतं तू आळशी आहेस” यात भावना नाही, निवाडा आहे. ताबडतोब ओळखण्याची खूण अशी की वाक्यात भीती, काळजी, थकवा, राग यांपैकी एकही शब्द सापडत नाही.

अतिगुंतवणुकीच्या घरात हे सराव पुरत नाहीत. तिथे आवाज चढतच नाही. आई मुलाचे ताट वाढते, त्याच्या वतीने उत्तरे देते, रात्री त्याच्या खोलीत झोपते, स्वतःचे बाहेर जाणे बंद करते. तिला बोलायचे कसे हे शिकवून फार साधत नाही. तिथे 35 तासांचा आकडा उपयोगी पडतो. आठवड्याचा तक्ता काढून दोघे किती तास एकत्र असतात ते मोजायचे, आणि एखाद्या ठरलेल्या दुपारपासून अंतर वाढवायचे: आईने दोन तास बाहेर, मुलाने दिवसकेंद्रात. तिच्या मनातला अपराधभाव आधी ऐकून घ्यावा लागतो, नाहीतर ती पहिल्याच दुपारी अर्ध्या तासात परत येते.

जास्त ईई आणि आजार उलटणे यांचा संबंध दोन्ही दिशांनी चालतो. बरेच बिघडलेला माणूस घरच्यांनाही जास्त चिडवतो, थकवतो. तरीही 1982च्या प्रयोगांत घरातली बाजू बदलल्यावर परिणाम दिसला, म्हणून ती बाजू धरून काम करण्यात अर्थ आहे. नुसती माहिती देऊन मात्र आजार उलटणे कमी होत नाही, हे टॅरिअर यांच्या गटाने 1988 साली दाखवले. ब्रिटनमधील नाइस संस्थेचे मार्गदर्शन तीन महिने ते एक वर्ष या काळात निदान 10 ठरलेल्या बैठका सुचवते आणि शक्य तिथे रुग्णालाही बैठकीत घ्यायला सांगते. दोन-तीन बैठकांत कौशल्ये शिकवून संपवली तर घरात वाक्ये लक्षात राहतात, पण पहिल्या वाईट रात्री तोंडातून जुनीच येतात.