स्क्रीनवरचे बरगंडी केस अल्बममध्ये काळे का होतात?

खानापूरकडच्या एखाद्या लग्नातला फोटो घेऊ. बेळगावच्या शहापुरातल्या स्टुडिओत नवरीच्या केसांना एडिटिंगमध्ये बरगंडी छटा दिली. रंगाचे आकडे असे: लाल ९६, हिरवा २४, निळा ४४. फाइलमधले हे आकडे कुठेही बदलत नाहीत. तरी खिडकीपाशी मोबाइलवर केस राखाडीकडे झुकतात, आणि छापून आलेल्या अल्बममध्ये ते जवळजवळ काळे होतात.

मूळ कारण म्हणजे हा रंग फार गडद आहे. स्क्रीनवरच्या पांढऱ्याच्या तुलनेत त्यातून जेमतेम ३ टक्के प्रकाश येतो. पांढऱ्याची तेजस्विता ३०० निट्स असेल, तर केसांची १०. आता खिडकीपाशी उजेड १००० लक्स आहे आणि काच त्यातला ५ टक्के, म्हणजे ५० लक्स, सगळ्या दिशांना विखरून परत फेकते असं धरा. मग ५० ला पायने, म्हणजे ३.१४ ने, भागलं की स्क्रीनवर सुमारे १६ निट्स इतकी पांढुरकी झाक चढते. म्हणजे केसांच्या रंगापेक्षा काचेवरची झाकच जास्त! भर उन्हात तर रंगाबद्दल बोलायलाच नको. चेहरा उजळ असल्यामुळे त्याला एवढा फटका बसत नाही, म्हणून दोष केसांच्या एडिटिंगवर येतो.

छापील फोटोचं गणित वेगळं. कागद स्वतः उजळत नाही, खोलीतल्या दिव्याचा प्रकाश परत पाठवतो. बरगंडी शाई प्रामुख्याने लाल प्रकाशच परतवते. स्वस्त एलईडीत निळा आणि पिवळसर प्रकाश भरपूर असतो, गडद लाल मात्र कमी. परतवायला लालच कमी मिळाला की केस तपकिरी-काळे दिसतात. दिव्याखाली रंग किती खरे दिसतात हे सांगणारा आकडा म्हणजे सीआरआय; अशा दिव्याच्या खोक्यावर ‘सीआरआय ८०’ लिहिलेलं असलं तरी फसू नका. तो आकडा आठ फिक्या रंगांच्या गुणांची सरासरी असतो, गडद लाल त्यात धरलेला नसतो. मॅट कागद घेतला तर आणखी एक अडचण येते. त्याच्या खरखरीत पृष्ठभागावर उजेड विखुरतो आणि गडद छटांमधला फरक पुसट होतो.

म्हणून पारख अशी करावी. एडिटिंग करताना स्क्रीनचा नाइट मोड बंद ठेवा आणि उजळपणा बराच कमी करा, कारण भगभगीत स्क्रीन गडद रंग फुलवून दाखवते. मग अल्बमच्याच कागदावर, त्याच लॅबमधून एक छोटी प्रिंट काढून घ्या. ती दुपारी खिडकीपासून थोडी आत, थेट ऊन न पडणाऱ्या जागी पाहा. नंतर घरातल्या दिव्याखाली न्या. आधी गजऱ्याकडे आणि नवरीच्या कपाळाकडे बघा. तेही पिवळे किंवा निळसर वाटत असतील, तर फरक उजेडाचा आहे. ते ठीक असून फक्त केस काळवंडले असतील, तर दिवा बदलून पाहा. खिडकीपाशीही काळेच दिसले, तर एडिटिंगमध्ये दुरुस्ती हवी. तिथे सॅच्युरेशन वाढवून उपयोग होत नाही, केसांचा उजळपणा थोडा चढवावा लागतो.