चित्रमय सेफ्टी इंडक्शन

कारखान्यात नव्याने आलेल्या कामगाराला यंत्रावर उभे करण्याआधी धोके समजावून देणारे, मुख्यतः चित्रांवर चालणारे सादरीकरण. भारतात १९४८ च्या कारखाने अधिनियमात १९८७ साली घातलेल्या कलम १११-क ने कामगाराला सुरक्षिततेची माहिती आणि प्रशिक्षण मिळण्याचा हक्क दिला. चाकण-भोसरीच्या एकाच पाळीत मराठवाडा, बिहार आणि ओडिशाचे कामगार असतात. कुणी आयटीआय झालेला असतो, तर कुणाला सही करण्यापुरतीच अक्षरे येतात. त्यामुळे मराठीत लिहिलेली नियमावली सगळ्यांपर्यंत पोहोचत नाही.

चित्र मात्र आपोआप कळते, हा समज खरा नाही. चित्रही वाचायला शिकावे लागते. पत्रा दाबून आकार देणाऱ्या पॉवर प्रेसमध्ये अडकलेला पत्रा कसा काढायचा, हे उदाहरण घेऊ. डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, हात घातलेले चित्र काढून त्यावर लाल फुली मारली, तर शाळेत न गेलेल्याला कधी कधी फक्त हातच दिसतो आणि 'पत्रा असा काढायचा' असा उलटा अर्थ निघतो. बरोबर-चूक अशा जोडचित्रांचीही हीच अडचण असते. म्हणून आधी योग्य कृती दाखवतात: प्रेस बंद, हातात लांब चिमटा. चुकीच्या कृतीऐवजी तिचा परिणाम, म्हणजे पट्टी बांधलेला पंजा, दाखवणे चांगले. रक्तबंबाळ फोटो टाळावा, कारण माणूस तो पाहून मान फिरवतो.

दुसरी अडचण क्रमाची आहे. एका पडद्यावर चार चित्रे ओळीने मांडली, तर उर्दू वाचणारा उजवीकडून सुरुवात करू शकतो, निरक्षराला तर दिशाच नसते. एका पडद्यावर एकच चित्र ठेवले की हा प्रश्न उरत नाही. फोटो त्याच विभागातल्या प्रेसचा असावा. इंटरनेटवरून उचललेल्या परदेशी यंत्रात आपले पेडल कामगाराला सापडत नाही.

काही गोष्टी स्थिर चित्रात मावतच नाहीत. मेकॅनिकल प्रेसची मोटर बंद केल्यावरही फ्लायव्हील हे जड चाक काही वेळ फिरत राहते आणि तेवढ्यात पेडल दबले तर रॅम, म्हणजे वरून दाबणारा भाग, खाली येऊ शकतो. बाणाने हे 'थांबणे' दाखवता येत नाही. त्यासाठी छोटा व्हिडिओ लागतो किंवा कामगाराला यंत्राजवळ नेऊन चाक पूर्ण थांबेपर्यंत उभे करावे लागते.

चित्र कळले की नाही, हे 'समजलं का?' असे विचारून ठरत नाही. सगळेच 'हो साहेब' म्हणतात. चित्र दाखवून 'इथे काय करायचं?' एवढेच विचारावे. सुरक्षा-चिन्हांच्या अमेरिकी ANSI Z535.3 मानकात किमान ८५ टक्के उत्तरे बरोबर आणि धोकादायक उलटा अर्थ लावणारी जास्तीत जास्त ५ टक्के, अशी कसोटी आहे. दहा-पंधरा जणांच्या तुकडीत टक्केवारीला फारसा अर्थ नाही. तिथे एकानेही उलटे उत्तर दिले, तर चित्र बदलावे.