ग्रामसभेच्या ठरावाची प्रत मागण्याआधी: एक्सेलमधली ठराव वही आणि माहिती हक्काचा अर्ज

गोव्यात पंचायतीकडे ठरावाची प्रत मागायला माहिती हक्काचा दहा रुपयांचा अर्ज पुरतो. अर्ज लिहिणं सोपं आहे, पण नेमकी कोणती प्रत हवी ते सांगणं तितकं सोपं नाही. आमच्या वाड्यावरच्या साकवाच्या ठरावाची प्रत मी पहिल्यांदा मागितली तेव्हा अर्जात फक्त 'ठराव क्र. ५' लिहिलं होतं. हातात आला तो रस्त्यावरच्या दिव्यांचा ठराव. तोही क्रमांक पाचच होता, फक्त दुसऱ्या वर्षाचा. सचिवांची चूक म्हणता येणार नाही, मी मागितलं तेच त्यांनी दिलं.

तेव्हापासून आधी वही आणि मग अर्ज, असा माझा क्रम झाला. ती वही म्हणजे एक्सेलची एक शीट. गूगल शीटवर किंवा लिब्रेऑफिसवरही ती तशीच चालते.

सुरुवात प्रत मागून करू नका, नोंदवह्या पाहायला मागा. माहितीचा अधिकार कायदा, २००५ मध्ये कागदपत्रांची पाहणी करण्याचा आणि प्रमाणित प्रती घेण्याचा, असे दोन्ही हक्क आहेत. 'अमुक वर्षापासून आजपर्यंतची ग्रामसभेची आणि पंचायत मंडळाची इतिवृत्त नोंदवही पाहायला मिळावी' एवढं लिहिलं की पहिला अर्ज झाला. पाहणीला जाताना लॅपटॉप न्या, नाहीतर आखलेला कागद न्या. त्या बैठकीत शीटच्या ओळी भरायच्या. ज्या पानांच्या प्रती खरंच लागतील, त्यांचा अर्ज नंतर करायचा.

शीटमधला पहिला स्तंभ सगळ्यात महत्त्वाचा, कारण वहीतला ठराव क्रमांक एकट्याने काहीच ओळखू देत नाही. पंचायतीत दोन मालिका चालतात. एक ग्रामसभेची. तिच्या साध्या सभा जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत रविवारी होतात, खास सभा वेगळ्या. दुसरी पंचायत मंडळाची, म्हणजे पंच आणि सरपंच बसतात त्या पाक्षिक सभेची. दोन्हींत क्रमांक एकपासून सुरू होऊ शकतो. काही वह्यांत तो दर वर्षी नव्याने सुरू होतो, काहींत दर सभेला. म्हणून आपली खूण आपणच बनवायची: सभेचा प्रकार, तारीख आणि त्या सभेतला क्रमांक.

```
GS-2017-04-23-05   ग्रामसभा, २३ एप्रिल २०१७, ठराव ५
VP-2017-05-08-02   पंचायत मंडळ, ८ मे २०१७, ठराव २
```

तारीख वर्षापासून लिहिली की शीट अ ते ज्ञ लावली तरी ओळी काळाच्या क्रमाने लागतात. प्रत्येक मालिकेपुरतं, हो.

दुसऱ्या स्तंभात वहीत जसा लिहिलाय तसाच क्रमांक. इथे एक्सेल गुपचूप घोटाळा करतो. वहीत '५/१२' असेल, म्हणजे बारावी सभा किंवा पाचवा विषय काहीही असो, आणि तुम्ही `5/12` टाइप केलं, तर एक्सेल त्याची तारीख करून टाकतो. कुठे कंसात `(3)` असेल तर ते उणे तीन होतं. आणि एकदा बदललं की मूळ आकडा परत मिळत नाही, कारण शीटने तो ठेवलेलाच नसतो. म्हणून भरायला लागण्याआधी तो स्तंभ निवडून त्याचा प्रकार `Text` करा. आधीच भरला असेल तर असं ओळखा: क्रमांक पेशीच्या उजव्या कडेला चिकटलेले दिसले तर ते आकडे किंवा तारखा झालेले आहेत, डाव्या कडेला असतील तर मजकूर आहे.

पुढचे स्तंभ असे ठेवले तर पुरतात: विषय एका ओळीत, ठरावाचं मुख्य वाक्य शब्दशः, वहीचा क्रमांक आणि पान, इतिवृत्त कायम झालेली सभा, स्थिती, स्थितीची तारीख, मागचा दुवा, पुढचा दुवा. सूचक-अनुमोदकाची नावं मी लिहीत नाही. ती वहीत आहेतच, आणि आपल्या शोधाला ती लागत नाहीत.

'इतिवृत्त कायम झालेली सभा' हा स्तंभ बहुतेक जण वगळतात, आणि तिथेच फसतात. एका सभेचं इतिवृत्त पुढच्या सभेत वाचून कायम होतं. वाचताना कुणी हरकत घेतली तर दुरुस्ती पुढच्या सभेच्या पानावर लिहिली जाते, पहिल्या पानावर नाही. म्हणजे मूळ पानाची प्रमाणित प्रत अगदी खरी असते, आणि तरीही अपुरी.

आमच्या साकवाचंच उदाहरण घ्या. आकडे समजायला सोपे जावेत म्हणून थोडे बदलले आहेत. २३ एप्रिल २०१७ च्या ग्रामसभेत ठराव ५ झाला: ओहोळावर दोन मीटर रुंद साकव बांधावा. वही ३, पान ४१. ८ मेच्या पाक्षिक सभेत मंडळाने तो विषय घेतला आणि अंदाजपत्रकासाठी सार्वजनिक बांधकाम खात्याला लिहायचं ठरवलं. १६ जुलैच्या ग्रामसभेत एप्रिलचं इतिवृत्त वाचताना एकाने उठून सांगितलं की रुंदी तीन मीटर ठरली होती. दुरुस्ती मान्य झाली, पान ४४ वर उतरली. दरम्यान खात्याला गेलेल्या पत्राला जोडलेली प्रत पान ४१ ची, दोन मीटरची. १३ ऑक्टोबर २०१९ च्या सभेत पुन्हा एक ठराव ५ झाला, तो दिव्यांचा, आणि मला चुकून मिळालेला. शेवटी १० जुलै २०२२ च्या ग्रामसभेत ठराव ३ ने जुनी जागा सोडून ओहोळाच्या वरच्या अंगाला मोरी घालायचं ठरलं.

शीटमध्ये याच्या पाच ओळी होतात. जुलै २०१७ च्या दुरुस्तीलाही स्वतःची ओळ द्यायची. `GS-2017-04-23-05` च्या ओळीत जाऊन 'दोन'चं 'तीन' करायचं नाही. जुनी ओळ जशी वहीत आहे तशीच राहते. तिच्या पुढच्या दुव्यात २०२२ च्या ठरावाची खूण येते आणि स्थिती 'बदलला' होते. २०२२ च्या ओळीत मागच्या दुव्यात २०१७ ची खूण. दुरुस्तीची ओळ कोणत्याच दुव्यात नाही, ती 'इतिवृत्त कायम झालेली सभा' या स्तंभातून सापडते. मंडळाच्या ठरावाचा मागचा दुवा ग्रामसभेच्या ठरावाकडे, पण त्याने मूळ ठराव बदलला नाही, म्हणून उलट बाजूला काही लिहायचं नाही. पुढचा दुवा फक्त बदल किंवा रद्द झाल्यावर.

दुवे हाताने भरले की एक बाजू राहून जाते. पुढच्या दुव्याला समोरच्या ओळीत उलटा दुवा आहे का, ते तपासायला एक सूत्र पुरतं. खूण `A` मध्ये, मागचा दुवा `I` मध्ये, पुढचा `J` मध्ये असेल तर:

```
=IF(J2="","",IF(COUNTIFS(A:A,J2,I:I,A2)=1,"ठीक","तुटले"))
```

'तुटले' आलं की एकतर समोरच्या ओळीत उलटा दुवा नाही, किंवा खूण टाइप करताना चुकलात. एकच ठराव दोनदा भरला का ते `=COUNTIF(A:A,A2)>1` सांगतं. `TRUE` दिसलं की त्या दोन ओळी वहीशी ताडून पाहा.

स्थितीचे शब्द मोजके ठेवा आणि ड्रॉपडाउनमधून निवडा: मंजूर, पाठवला, पूर्ण, बदलला, रद्द. 'प्रलंबित' मी काढून टाकला. तो शब्द काही सांगत नाही; 'पाठवला' आणि त्याची तारीख वाचली की किती दिवस झाले ते आपोआप कळतं. 'पूर्ण' मात्र कुणाच्या तोंडी सांगण्यावरून भरू नका. काम झाल्याचं पत्र किंवा देयकाची नोंद पाहिली असेल तरच.

आता दुसरा अर्ज. अर्जदार भारताचा नागरिक असावा, एवढीच पात्रता आहे. त्या गावचा मतदार असण्याची गरज नाही आणि प्रत कशाला हवी हे सांगण्याचंही बंधन नाही. अर्ज पंचायतीच्या सचिवांच्या नावे, जनमाहिती अधिकारी म्हणून. त्यात आपलं नाव, पत्ता आणि मागणी. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी नाही, पण त्याचा दाखला जोडावा लागतो. आधार कार्डाची झेरॉक्स कायद्यात कुठे मागितलेली नाही. कुणी मागितलीच तर पत्त्यापुरती माहिती अर्जात आहे असं शांतपणे सांगा. फी भरल्याची पावती आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, हे दोन कागद घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका.

मागणीचं वाक्य शीटमधून जसंच्या तसं येतं:

'दि. २३/०४/२०१७ च्या ग्रामसभेतील ठराव क्र. ५ (इतिवृत्त नोंदवही ३, पान ४१), दि. १६/०७/२०१७ च्या सभेत त्या इतिवृत्तात झालेली दुरुस्ती (पान ४४), आणि त्या ठरावावर झालेला जावक-आवक पत्रव्यवहार, यांच्या प्रमाणित प्रती मिळाव्यात.'

'हा ठराव अजून का अमलात आला नाही' असं विचारू नका. कार्यालयात असलेली नोंद द्यावी लागते, नवीन खुलासा लिहून देणं बंधनकारक नाही. पत्रव्यवहार मागितला की 'का' चं उत्तर बहुधा त्यातच सापडतं. आम्हाला सापडलं: खात्याचं उत्तर आलं होतं, दोन मीटर रुंदीला, आणि ते फाइलमध्ये पडून होतं.

तीस दिवसांत उत्तर यायला हवं. प्रतींसाठी प्रतिपान दोन रुपयांप्रमाणे रक्कम कळवली तर ते पत्र निघाल्यापासून तुम्ही पैसे भरेपर्यंतचे दिवस मोजले जात नाहीत. मुदत उलटली तर प्रती फुकट द्याव्या लागतात. उत्तरच आलं नाही, किंवा अर्धवट आलं, तर तीस दिवसांच्या आत गटविकास अधिकाऱ्यांकडे पहिलं अपील करा. तिथेही निभावलं नाही तर नव्वद दिवसांत पणजीतल्या गोवा राज्य माहिती आयोगाकडे.

प्रत मिळाली की तिचा फोटो काढून पीडीएफ करा आणि फाइलला ठरावाचीच खूण नाव म्हणून द्या: `GS-2017-04-23-05.pdf`. मग शीटच्या त्या ओळीत पान, शिक्का आणि वाक्य पुन्हा एकदा ताडून पाहा. माझ्या दोन ओळींत पाहणीच्या वेळी पान एकाने चुकलं होतं.