राहिलेला कर दुसऱ्याने घ्यायचा: १५ टक्क्यांच्या किमान कराचे गणित

एखाद्या देशाने कंपन्यांवरील कराचा दर कमी केला की त्या एकट्या देशाचा फायदा होतो, कारण बाहेरचा नफा त्याच्याकडे येऊ लागतो. शेजारी देशही मग तेच करतात, पहिल्याचा फायदा नाहीसा होतो आणि सर्वांचेच दर खाली येतात. ओईसीडी या संघटनेच्या सदस्य देशांचा सरासरी दर २००० साली सुमारे ३२ टक्के होता. दोन दशकांनंतर तो सुमारे २४ टक्क्यांवर आला. दर पुन्हा एकट्याने वाढवावा, तर कंपन्या निघून जाण्याची भीती असते. शिवाय नफा हलवण्यासाठी कारखाना हलवावा लागतोच असे नाही. पेटंटची मालकी कमी कराच्या देशातील उपकंपनीच्या नावावर करून तिला रॉयल्टी दिली, तरी नफा कागदोपत्री तिकडे जातो.

ऑक्टोबर २०२१ मध्ये १३० हून अधिक देशांनी यावर जो तोडगा मान्य केला, त्यात कोणत्याही देशाला आपला दर वाढवण्याची सक्ती नाही. वर्षाला किमान ७५ कोटी युरो उलाढाल असलेल्या बहुराष्ट्रीय समूहाने एखाद्या देशात १५ टक्क्यांपेक्षा कमी कर भरला असेल, तर उरलेला कर दुसरा देश वसूल करू शकतो, एवढेच त्यात ठरले. माझ्या मते या योजनेची खरी ताकद याच तरतुदीत आहे, आणि ती एका कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होते.

एका समूहाची मूळ कंपनी ‘अ’ देशात असून ‘ब’ देशातील तिच्या उपकंपनीला १० कोटी युरो नफा झाला आणि तिने ५० लाख युरो, म्हणजे ५ टक्के कर भरला, असे धरू. येथे कायद्यात लिहिलेला दर पाहायचा नसतो. त्या देशातील समूहाचा एकूण नफा आणि त्यावर प्रत्यक्ष भरलेला कर यांचे गुणोत्तर काढायचे असते. ते १५ टक्क्यांपेक्षा १० टक्क्यांनी कमी पडते. मात्र हे १० टक्के पूर्ण नफ्यावर लावत नाहीत. वेतनखर्च आणि यंत्रे-इमारतींसारखी भौतिक मालमत्ता यांच्या प्रत्येकी ५ टक्के इतका नफा आधी वगळतात (सुरुवातीच्या वर्षांत हे प्रमाण अधिक ठेवले आहे). उपकंपनीचा वेतनखर्च आणि मालमत्ता प्रत्येकी १ कोटी असेल, तर १० लाख वगळले जातात आणि उरलेल्या नफ्यावर १० टक्क्यांनी येणारा पूरक कर ९९ लाख युरो होतो. याउलट तेथे खरा कारखाना असून दोन्ही आकडे प्रत्येकी ३० कोटी असतील, तर ३ कोटी वगळले जाऊन पूरक कर ७० लाखांवर येतो. कागदोपत्री नफ्याला जवळजवळ पूर्ण कर लागतो, खऱ्या गुंतवणुकीसाठीची स्पर्धा मात्र काही अंशी मोकळी राहते.

हे ९९ लाख घेण्याचा पहिला हक्क ‘ब’ देशाचाच असतो; त्याने तसा देशांतर्गत कर लावला नाही, तर ते ‘अ’ देशाकडे जातात, आणि ‘अ’नेही घेतले नाहीत, तर समूहाचे व्यवहार जेथे चालतात त्या इतर देशांकडे. कंपनीला रक्कम कुठेतरी भरावीच लागत असल्यामुळे ती सोडून देण्यात ‘ब’चा काहीच फायदा उरत नाही. म्हणूनच आयर्लंडने १२.५ टक्क्यांचा जुना दर कायम ठेवूनही मोठ्या समूहांसाठी २०२४ पासून १५ टक्क्यांपर्यंतचा पूरक कर आणला, आणि कंपन्यांच्या नफ्यावर कर न घेणाऱ्या बर्म्युडाने २०२५ पासून मोठ्या समूहांवर १५ टक्के कर सुरू केला.

स्पर्धा मात्र थांबलेली नाही. ती दरांकडून अनुदानांकडे सरकते आहे. उपकंपनीने १० कोटी नफ्यावर दीड कोटी कर भरला आणि सरकारने तिला ५० लाखांची करसवलत दिली, असे समजू. ही साधी सवलत असेल, तर भरलेला कर १ कोटीवर येतो, दर १० टक्के होतो आणि नफ्यातील वगळणूक बाजूला ठेवली, तर पूरक करातून सारे ५० लाख परत जातात. पण कर देय नसतानाही सवलतीची रक्कम चार वर्षांच्या आत रोख मिळणार असेल, तर नियम तिला करातील घट न मानता उत्पन्न मानतात. मग दीड कोटी कर साडेदहा कोटी उत्पन्नावर मोजला जातो, दर सुमारे १४.३ टक्के येतो आणि पूरक कर अवघा साडेसात लाख होतो. सरकारच्या तिजोरीतून दोन्ही वेळा ५० लाखच जातात. कंपनीच्या हाती मात्र एकदा काहीच राहत नाही, तर एकदा साडेबेचाळीस लाख राहतात. ही तफावत मला या रचनेतील सर्वांत मोठी उणीव वाटते, कारण रोख अनुदान देणे श्रीमंत देशांना परवडते. गरीब देशांच्या हाती बहुतेकदा करमाफीच असते, आणि तिचाच उपयोग या नियमांनी सर्वाधिक कमी केला आहे.

दुसरी अडचण अमेरिकेची आहे. तिच्या कंपन्यांच्या समूहांना मूळ देशाच्या आणि इतर देशांच्या पूरक करांतून वगळावे, अशी सहमती जून २०२५ मध्ये जी-७ देशांनी दर्शवली. ‘ब’सारख्या देशाने स्वतः लावलेला देशांतर्गत पूरक कर त्या समूहांनाही लागू राहतो, पण त्याने तो लावला नाही, तर ती रक्कम घेण्यास मागे दुसरा देश उभा नसतो, आणि या समूहांच्या बाबतीत कर सोडून देण्याचा मोह ‘ब’ देशाला पुन्हा होऊ शकतो.