लिक्विफाय की पपेट वॉर्प? फोटोतल्या केसांना वारा देताना कुठे काय वापरायचं

फोटोशॉपमध्ये सरळ पडलेले केस जरा उडाल्यासारखे करायचे म्हटलं की कोणी लिक्विफाय उघडतं, कोणी पपेट वॉर्प, आणि दोन्हीत पिक्सेल ढकलायचेच असतात म्हणून बऱ्याच जणांना ते एकच वाटतं. पण केसांवर दोघांचा स्वभाव पार वेगळा आहे.

एक पोर्ट्रेट धरा, लांब काळे केस, ऊन मागून डावीकडून येतंय, वारा डावीकडून उजवीकडे दाखवायचाय. लिक्विफायचा फॉरवर्ड वॉर्प म्हणजे ब्रशने कणीक सरकवल्यासारखं, एकूण केसांचा आकार फुगवायला, टोकं थोडी उजवीकडे न्यायला मस्त. ब्रश बटेपेक्षा बराच मोठा ठेवा आणि प्रेशर कमी, छोट्या ब्रशने केसांच्या रेषा लाटेसारख्या थरथरतात आणि लगेच पकडलं जातं. चेहरा आणि खांदा आधी फ्रीझ मास्कने झाका. मागे ग्रिल किंवा भिंतीची कड असेल तर तीही वाकते, लिक्विफायची खरी अडचण हीच.

पपेट वॉर्पला (`Edit > Puppet Warp`) बट वेगळ्या लेयरवर कापून घ्यावी लागते आणि तिच्या मागची जागा भरावी लागते, मेहनत जास्त आहे, पण मग मुळाशी दोन पिना, मध्ये एक, टोकाला एक, आणि टोकाची पिन ओढली की मूळ न हलता अख्खी बट वळते. खरा वारा असंच करतो, मुळं जागच्या जागी आणि टोकं सर्वात जास्त.

आता उजेड. केसांवरचा चकाकता पट्टा बटेसोबत फिरतो, त्यामुळे बट थोडी वळवली तर चालतं, पण आडवीच केली तर पट्टा शेजारच्या बटांशी जुळत नाही आणि विग घातल्यासारखं दिसतं. तेवढं लांब न्यायचंच असेल तर जुना पट्टा बर्नने दाबा आणि नवीन जागी हलका डॉज द्या.

सुटे केस मात्र वॉर्पने होतच नाहीत, ते नव्या लेयरवर काढायचे. साधारण २ पिक्सेलचा ब्रश, पेनच्या दाबाने टोक निमुळतं, रंग शेजारच्या केसातूनच उचललेला, शुद्ध काळा कधीच नाही. मग त्यावर क्लिपिंग लेयर घेऊन उजेड द्यायचा: जो केस डोक्याच्या कडेबाहेर जातो त्याच्यावर मागचं ऊन पडतं, तिथे तो सोनेरी, आणि तोच केस गळ्याच्या सावलीवरून खाली आला की तिथे परत गडद. एकच केस दोन रंगांचा, हे जमलं की तो चिकटवलेला वाटत नाही. टोकाकडचे मूळ केस फोकसबाहेर असतील तर नव्या केसांनाही तेवढाच गॉशियन ब्लर द्या, बहुतेकदा एखादा पिक्सेल पुरतो.