कोष्टकावरील सरावपत्रिकेचा ताळा

छापील कोष्टक वाचून शेकडा बदल आणि गुणोत्तर काढायला लावणाऱ्या सरावपत्रिकेतील उत्तरे त्याच कोष्टकावर पुन्हा लावून पडताळण्याची ही रीत आहे. बँकभरती किंवा राज्यसेवेच्या सीसॅटची तयारी करणारी मुले या प्रकाराला ‘डीआय’ म्हणतात. उत्तरसूचीशी उत्तर जुळवून बरोबर-चूकची खूण करणे म्हणजे ताळा नव्हे. उत्तर कुठे चुकले हे सूची सांगत नाही, ताळा सांगतो.

मुंबईकराच्या ओळखीचे एक कोष्टक घेऊ. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतचा मुंबई शहर जिल्हा आणि १९९० साली त्यातून वेगळा झालेला मुंबई उपनगर जिल्हा यांची जनगणनेतील लोकसंख्या, लाखांत:

| जिल्हा | २००१ | २०११ |
|---|---|---|
| मुंबई शहर | ३३.३८ | ३०.८५ |
| मुंबई उपनगर | ८६.४० | ९३.५७ |
| एकूण | ११९.७८ | १२४.४२ |

प्रश्न वाचण्याआधी उभ्या रकान्यांची बेरीज करून पाहावी. येथे दोन्ही बेरजा जुळतात. झेरॉक्सवरून झेरॉक्स काढलेल्या पत्रिकांत ३ चा ८ झालेला असतो. तो याच वेळी सापडतो.

पहिला प्रश्न: शहर जिल्ह्याची लोकसंख्या शेकडा किती घटली? घट ३३.३८ − ३०.८५ = २.५३ लाख. ती २००१ च्या आकड्याने भागायची: २.५३ ÷ ३३.३८, म्हणजे ७.५८ टक्के. वजाबाकी करताना नजर शेवटी ३०.८५ वर थांबलेली असते, म्हणून पुष्कळ जण त्यानेच भागतात आणि ८.२० टक्के लिहितात. दोन्ही उत्तरे दिसायला सारखीच खरी वाटतात. ताळा असा: ३३.३८ चे ८.२० टक्के काढा, २.७४ येतात. ते वजा केल्यावर उरतात ३०.६४, आणि कोष्टकात आहेत ३०.८५. आता ७.५८ टक्के घेऊन तेच करा; २.५३ वजा होतात आणि नेमके ३०.८५ उरतात. मूळ आकड्यापासून निघून नव्या आकड्यावर पोहोचता आले, तरच पाया बरोबर धरला होता.

उपनगराची वाढ याच रीतीने ८.३० टक्के येते. मग एकूण वाढ किती? −७.५८ आणि ८.३० यांची सरासरी काढून ०.३६ टक्के लिहिणारे कमी नसतात. उपनगराचा पाया शहराच्या अडीचपटीहून मोठा असल्याने एकूण उत्तर त्याच्याकडे झुकलेच पाहिजे. एकूण ओळीवरून थेट काढले तर ४.६४ ÷ ११९.७८ = ३.८७ टक्के. दोन शेकडेवारींची साधी सरासरी दोन्ही पाये सारखे असतील तेव्हाच चालते.

गुणोत्तराचा ताळा मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे आकडेमोड निर्दोष असूनही उत्तर चुकते. ‘२०११ मध्ये शहर व उपनगर यांचे गुणोत्तर’ विचारले असता डोळा घसरून खालच्या ‘एकूण’ ओळीवर गेला, तर ३०.८५ : १२४.४२, म्हणजे १ : ४.०३ मिळते. भागाकार परत करून पाहिला तरी तो जुळतोच, कारण चूक वाचनात आहे. म्हणून गुणोत्तर दोन बाजूंनी काढावे. शहर : उपनगर येते १ : ३.०३. त्याच्या दोन्ही पदांची बेरीज ४.०३, आणि शहर : एकूण हेही १ : ४.०३. भाग-भाग आणि भाग-एकूण ही दोन गुणोत्तरे अशी एकमेकांची साक्ष देतात. प्रश्नातील पदांचा क्रमही बोट ठेवून पाहावा. ‘उपनगर व शहर’ असेल तर उत्तर ३.०३ : १. ओळीखाली पट्टी धरून आकडा वाचायची सवय शिक्षक लावतात ती याचसाठी.

एकूण लोकसंख्येतील शहराचा वाटा २७.८७ टक्क्यांवरून २४.८० टक्क्यांवर आला. ‘वाटा किती टक्क्यांनी घटला’ याला ३.०७ हे उत्तर अपुरे आहे. तो दोन टक्केवारींतील फरक, टक्केबिंदूंत मोजलेला. शेकडा घट ३.०७ ÷ २७.८७, म्हणजे सुमारे ११ टक्के. प्रश्नाची भाषा संदिग्ध असेल तर पर्यायांत यांपैकी कोणते आहे ते पाहून ठरवावे लागते. दोन्ही असतील, तर दोष पत्रिकेचा.

ताळा जुळूनही सूचीशी किंचित फरक राहू शकतो. शहर जिल्ह्याचे पूर्ण आकडे ३३,३८,०३१ आणि ३०,८५,४११ असे आहेत. त्यांवरून घट ७.५७ टक्के येते, लाखांत छापलेल्या कोष्टकावरून ७.५८. सूची पूर्ण आकड्यांवरून केलेली असेल तर विद्यार्थ्याचे उत्तर चूक धरू नये. एका दशांश स्थळापर्यंत दोन्ही ७.६ च आहेत.