डेरिव्हेटिव्हच्या ग्राफवरून मूळ फंक्शन काढणं

f'चा ग्राफ आणि f ची एका बिंदूतली किंमत एवढंच दिलेलं असताना f पूर्ण उभं करायची पद्धत. सूत्र एकच, f(b) = f(a) + (a ते b मधलं f'च्या ग्राफखालचं क्षेत्रफळ), आणि अक्षाच्या खालचं क्षेत्रफळ वजा धरायचं.

सुरुवात कुणी केली यावर एकमत नाही. इ.स.पू. साधारण ३५० ते ५० मधल्या बॅबिलोनी मातीच्या पाट्यांवर गुरू ग्रहाची चाल अशीच मोजलेली आहे असं ओसेनड्रायव्हर यांनी २०१६ मध्ये दाखवलं: रोजचा वेग ६० दिवसांत १२ कलांवरून साडेनऊ कलांवर उतरतो, म्हणून त्या समलंब चौकोनाचं क्षेत्रफळ १० अंश ४५ कला, आणि तेवढाच ग्रह सरकला. पण तिथे आकृती काढलेली नाही, नुसते आकडे आहेत, त्यामुळे ग्राफवरून वाचायचं श्रेय चौदाव्या शतकातल्या ओरेमला देणं जास्त पटतं. क्षेत्रफळ आणि स्पर्शिका ही एकमेकांची उलट कामं आहेत हे भूमितीच्या भाषेत बॅरोच्या १६७० च्या व्याख्यानांत सापडतं. न्यूटन-लायब्निझ वाद इथे उकरायची गरज नाही.

आता एक उदाहरण. f(0) = 3, आणि f'चा ग्राफ (0, 2) पासून (4, −2) पर्यंत सरळ उतरतो, पुढे x = 6 पर्यंत −2 वरच आडवा जातो. 0 ते 2 मधला त्रिकोण अक्षाच्या वर, क्षेत्रफळ 2, म्हणून f(2) = 5. 2 ते 4 मधला तेवढाच पण खाली, म्हणून f(4) परत 3. मग आयत, 2 × 2 = 4 वजा, f(6) = −1. हे झाले ठिपके, ते पट्टीने जोडायचे नाहीत, कारण f' तिरकी रेघ असेल तिथे f पॅराबोला असतो (इथे 3 + 2x − x²/2) आणि f' आडवा असेल तिथेच f सरळ रेघ. x = 4 ला f'ला कोपरा आहे पण f ला नाही, दोन्ही बाजूंनी उतार −2 च येतो.

चूक बहुतेकदा एकाच ठिकाणी होते: f' खाली यायला लागला की f पण उतरला असं धरतात. 0 ते 2 मध्ये f' उतरतोय तरी f चढतोच आहे, फक्त चढ मंदावतोय, आणि शिखर x = 2 ला, जिथे f' अक्ष ओलांडतो. दिलेली किंमत उजवीकडची असेल तर डावीकडे जाताना क्षेत्रफळ वजा करायचं, म्हणजे f(2) = 5 वरून f(0) = 5 − 2 = 3.

एक किंमत पुरते ती सलग अंतरावरच. f' = 1/x असेल तर f(1) वरून x < 0 च्या बाजूचं काहीच ठरत नाही, तिकडचा स्थिरांक वेगळा असू शकतो, त्यामुळे तिथली एक किंमत अजून लागते. शिवाय f' मर्यादित असूनही त्याचं रीमान पद्धतीचं क्षेत्रफळच निघत नाही असं फंक्शन व्होल्टेराने १८८१ मध्ये दिलं होतं, पण हाताने काढलेल्या ग्राफमध्ये असला प्रकार भेटत नाही.